पीएस४ रोज सकाळी साइन-इन होत नाही, तारीख १९७० ची दाखवते. काय करू?

दारव्ह्याचा_मामा
राम राम मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. भाच्यासाठी यवतमाळवरून जुना पीएस४ आणला. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच. आठ दिवस बरा चालला, आता रोज सकाळी चालू केला की साइन-इनच होत नाही. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी झाली नाही अशा अर्थाचं इंग्रजी येते. ब्राउझर उघडला तर प्रमाणपत्राची तक्रार करते. पासवर्ड तीनदा बदलून पाहिला. हॉटस्पॉटचं सिम बदललं. एकदा तारीख हातानं बरोबर केली तर दिवसभर मस्त चालला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाचा रडकुंडीले आला आहे. दुकानदार म्हणते बोर्ड गेला, चार हजार लागतील. खरंच बोर्ड गेला असंन का?

कारंजा_गेमर
भाऊ, हॉटस्पॉटवर हे होतेच. डीएनएस बदलून ८.८.८.८ टाका. नाही जमलं तर सगळं पुसून नव्यानं चालू करा, माझा एकदा तसाच सुरू झाला होता.

मीटरवाली_वर्धा
मामा, पुसू नका. पुसलं तर भाच्याचे सेव्ह जातील आणि दुखणं तिथंच राहील. बोर्डालाही अजून हात लावू नका. आधी तीन गोष्टी सांगा.

एक, सकाळी चालू केल्यावर नेमकी कोणती तारीख आणि किती वाजलेले दिसतात?

दोन, Settings मधून Network, त्यात Test Internet Connection चालवा. आयपी मिळाला का, इंटरनेट जोडलं का, आणि PlayStation Network चं साइन-इन झालं का, असे वेगवेगळे निकाल येतात. कुठला नापास होतो?

तीन, रात्री मशीन कसं बंद करता? नुसतं मशीनचं बटण, की भिंतीवरच्या बोर्डाची खटकीही पाडता?

सेतूवाला_दिग्रस
मी ऑनलाइन अर्ज भरून देतो, माझ्याकडेही अगदी हेच झालं. ब्राउझरमध्ये NET::ERR_CERT_DATE_INVALID येत होतं, एकही सरकारी साइट उघडेना, बाहेर लोकांची रांग. कॉम्प्युटरचं घड्याळ दोन वर्षं मागं गेलं होतं. आधी तारीख हातानं बरोबर केली, मग ॲडमिन म्हणून काळी खिडकी उघडून हे दिलं:

```
net start w32time
w32tm /resync
```

लगेच चालू झालं. मामा, तुमच्या कॉम्प्युटरवर हेच करा.

मीटरवाली_वर्धा
दादा, मामांचा कॉम्प्युटर नाही, गेमचा कन्सोल आहे, त्यावर या कमांड चालणार नाहीत. पण दुखणं तुमच्यासारखंच दिसतंय. तुमच्याकडे पुन्हा मागं जात असेल, तर तुमच्याही मदरबोर्डवरचा गोल सेल बघा.

दारव्ह्याचा_मामा
ताई, पाहिलं.
तारीख १ जानेवारी १९७०, वेळ सकाळचे साडेपाच न् वर काही मिनिटं. आपल्या इकडे तेव्हा चांगले नऊ वाजले होते.
टेस्टमध्ये आयपी झाला, इंटरनेट झालं, साइन-इन फेल.
रात्री खटकी पाडतोच. आमच्याइकडे लाइन जाते-येते, आली की झटका बसते, मागं टीव्ही जळला. म्हणून पिन काढूनच झोपतो.

मीटरवाली_वर्धा
मग बरंच उलगडलं.

आयपी आणि इंटरनेट पास झालं, म्हणजे हॉटस्पॉट, सिम, डीएनएस यांची चूक नाही. अडतंय ते साइन-इनच्या दारात. सर्व्हर आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर दोन तारखा असतात, कधीपासून चालेल आणि कधीपर्यंत. कन्सोल त्या तारखा स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ १९७० म्हणतंय आणि प्रमाणपत्र काही महिन्यांपूर्वीचं, तर कन्सोलच्या लेखी ते अजून सुरूच व्हायचंय. तो दार बंद करतो. पासवर्ड विचारायची पाळीच येत नाही, म्हणून तीनदा बदलूनही फरक पडला नाही.

१९७० का, तर अशी मशीनं १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात, तीही ग्रीनिचच्या वेळेनं. मोजणी शून्यावर आली की भारताच्या वेळेत साडेपाच तास पुढं, म्हणजे पहाटेचे साडेपाच दिसतात. यातून टाइम झोन तुम्ही बरोबर लावला आहे हेही कळलं. मोजणी मात्र रोज रात्री पुसली जाते.

पुसली जाते कारण पिन काढल्यावर घड्याळ आतल्या गोल सेलवर चालतं. तो सीआर२०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पिन लावलेली असताना घड्याळाला मशीनकडूनच वीज मिळते, सेल झिजत नाही. आपल्या खेड्यात रोज रात्री खटकी पडते, म्हणून तो शहरापेक्षा लवकर बसतो.

कारंजा_गेमर
पण मामा म्हणतात, तारीख हातानं बरोबर केली की चालते. मग रोज सकाळी तास-मिनिटं टाकायची, सालाचं काय एवढं? वेळ बरोबर असली की झालं.

मीटरवाली_वर्धा
उलट आहे भाऊ. साल आणि महिना सगळ्यात महत्त्वाचे. प्रमाणपत्र काही महिने चालतं, त्यात दहा मिनिटांचा फरक सहसा खपून जातो. एक साल चुकलं तर नक्की अडेल. घड्याळ पुढं गेलं तरी अडतं, फक्त मग कन्सोलला वाटतं की प्रमाणपत्राची मुदत संपली.

मिनिटं महत्त्वाची असतात ती मोबाइलवर. दोन टप्प्यांचं साइन-इन ॲपवरून असेल, तर सहा आकडी कोड साधारण तीस सेकंदांचा असतो. फोनचं घड्याळ दोन-तीन मिनिटं चुकलं तरी कोड चुकीचा ठरतो. फोन ऑटोमॅटिक वेळेवर ठेवा.

मामा, आता दोन रात्री एक प्रयोग करा. एक रात्र पिन लावलेली राहू द्या, झटक्याची भीती असेल तर स्टॅबिलायझरमधून. दुसऱ्या रात्री नेहमीसारखी काढा. पहिल्या सकाळी तारीख बरोबर आणि दुसऱ्या सकाळी १९७०, तर दोष सेलचा. दोन्ही सकाळी १९७० आलं, तर मात्र बोर्डाकडे बघावं लागेल.

दारव्ह्याचा_मामा
केलं ताई. दोन्ही रात्रींच्या आधी घड्याळ बरोबर करून ठेवलं होतं.
पिन लावून ठेवली त्या सकाळी तारीख बरोबर, साइन-इनही झालं.
पिन काढली त्या सकाळी पुन्हा १९७०.
म्हणजे बोर्ड नाई गेला!

मीटरवाली_वर्धा
नाही गेला. चार हजार वाचले.

आता क्रम सांगते. सेल मिळेपर्यंत सकाळी चालू केल्यावर आधी Settings, मग Date and Time मध्ये जाऊन वेळ इंटरनेटवरून घ्या. साइन-इन त्यानंतर. वेळ आलीच नाही तर हातानं टाका, आणि साल दोनदा बघा.

मशीन उघडण्याआधी सिस्टिम सॉफ्टवेअरचा आकडा बघा. ९.०० किंवा त्यापुढचा असला पाहिजे. त्याआधीच्या आवृत्त्यांत सेल मेला किंवा काढला आणि मशीन नेटवर गेलंच नाही, तर नुसता गेम उघडायलाही नकार यायचा. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० मध्ये ते सुटलं. आकडा जुना असेल तर आज नेट चालतंय तोवर अपडेट करून घ्या. हॉटस्पॉटचा डेटा पुरत नसेल तर फाइल कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. पेनड्राइव्हमध्ये PS4 नावाचं फोल्डर, त्यात UPDATE, आणि त्यात PS4UPDATE.PUP. नावं अगदी अशीच, मोठ्या अक्षरांत. फाइल सोनीच्याच साइटवरून घ्या.

मग पिन काढायची आणि उघडायचं. ताऱ्याच्या आकाराचे, मधे भोक असलेले स्क्रू आहेत, साधा पेचकस घालून त्यांची डोकी खराब करू नका. सेलची जागा आणि बसवण्याची पद्धत मॉडेलप्रमाणं वेगळी असते, म्हणून आधी उघडून जुना बघा, मग नवा घ्या. जुना काढल्यावर मीटर लावा. नवा सेल तीन व्होल्टच्या किंचित वर दाखवतो.

सेतूवाला_दिग्रस
ताई, तुमचं वाचून माझा डबा उघडला. सेलवर पांढरी बुरशी चढली होती. बदलला. चार दिवसांत एकदाही घड्याळ मागं नाही गेलं. कमांडनं मी रोजचं रोज ढकलत होतो फक्त.

अकोट_पीएस३वाली
मध्येच विचारते. माझ्याकडे लहान भावाचा जुना जाड पीएस३ आहे. २०१० मध्ये एकदा सगळ्यांचे बंद पडले होते, तेच आहे का हे? माझी तारीख बरोबर आहे तरी साइन-इन होत नाही. सेलही नवा टाकला.

मीटरवाली_वर्धा
ते वेगळं होतं. १ मार्च २०१० ला जाड पीएस३ च्या घड्याळाला वाटलं की २०१० हे लीप वर्ष आहे. 8001050F ही चूक यायची, तारीखही बिघडायची, आणि दिवसभरात ते आपोआप निवळलं. आता तो प्रश्न नाही.

तुमची तारीख बरोबर आहे, म्हणून दोन शंका येतात. सिस्टिम फार जुनी असेल, तर तिच्यात नवी मूळ प्रमाणपत्रं नसतील. मग घड्याळ कितीही बरोबर असलं तरी ती सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही. दुसरी शंका, खात्याला दोन टप्प्यांचं साइन-इन लावलं आहे का? पीएस३ वर नेहमीचा पासवर्ड मग चालत नाही. खात्याच्या साइटवरून उपकरणासाठी वेगळा पासवर्ड काढून तो टाकावा लागतो. कोणती चूक येते ते अक्षर न् अक्षर लिहा.

अकोट_पीएस३वाली
दोन टप्प्यांचं लावलं आहे, भावानं. पण तो पुण्याला आहे, खात्याचा फोन त्याच्याकडे. संध्याकाळी बोलते त्याच्याशी.

दारव्ह्याचा_मामा
मंडळी, आज यवतमाळले जाऊन आलो. आधी सॉफ्टवेअर पाहिलं, ८ पॉइंट काहीतरी होतं, पेनड्राइव्हनं अपडेट केलं. मग मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं मशीन उघडलं. जुन्या सेलवर मीटर १.९ दाखवत होतं, नव्यावर ३.२. सेल साठ रुपयांचा, पोरानं शंभर घेतले. घरी येऊन एकदा तारीख नेटवरून घेतली, मग मुद्दाम पिन काढून तीन तास ठेवला. चालू केला तर घड्याळ जागेवर, भाचा आत.

एक राहिलं. शेजारचा पोरगा म्हणते, गेममधलं रोजचं बक्षीस मिळवाले घड्याळ एक दिवस पुढं करत जा. करू देऊ का भाच्याले?

मीटरवाली_वर्धा
मामा, मी करू देणार नाही. एक दिवसानं प्रमाणपत्र सहसा अडणार नाही, पण पोरं एकावर थांबत नाहीत, महिने पुढं नेतात. पुढच्या तारखेवर गेम सेव्ह झाला आणि मग घड्याळ खरं केलं, तर काही गेम बक्षीस अडवून ठेवतात. सगळे तसं करतात का, हे गेमवर आहे. कोणता गेम आहे?

दारव्ह्याचा_मामा
भाचा झोपला. उद्या विचारून सांगतो. पिन आजही काढलीच आहे.