मदत हवी आहे: पांढरी काठीवाले समोर असताना गाडी थांबवली तरी ते ओलांडत नाहीत

विनय_कॅब
रोजच्या रूटवर अंधशाळा आहे. शाळेसमोर झेब्रा आहे. काठी घेऊन कोणी कडेला उभं दिसलं की मी थांबतो, पण समोरचा माणूस हलतच नाही. मागचे हॉर्न मारून जीव खातात. मी छोटा हॉर्न देऊन 'चला, जा' असं सांगितलं तर तो उलट मागे सरकतो. मग मी निघालो की तो परत पुढे येतो. नेमकं काय करायचं असतं? लवकर सांगा, उद्या सकाळी परत तिथूनच जायचंय.

घाटवाला
यात विचारण्यासारखं काय आहे? लर्निंग लायसन्सच्या परीक्षेतला प्रश्न आहे हा. अंध व्यक्ती पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडत असेल तर ती काठी म्हणजे थांबण्याची खूण समजायची. थांबायचं आणि तो पलीकडे जाईपर्यंत हलायचं नाही. मागचे ओरडले तर ओरडू द्या.

मेधा_प
घाटवाला, तुमचं उत्तर ओलांडायला लागलेल्या माणसाचं आहे. विनय यांचा प्रश्न कडेला उभ्या असलेल्या माणसाचा आहे, आणि खरी गडबड तिथेच होते. विनय, आधी हे सांगा: सिग्नल आहे का? एका दिशेला किती लेन आहेत? मध्ये दुभाजक आहे? गाडी कोणती? थांबता तेव्हा झेब्र्यापासून किती लांब असता?
(मी अंध व्यक्तींना काठी घेऊन चालण्याचं प्रशिक्षण देते, म्हणून विचारतेय.)

सदाशिव_काका
स्मार्टकेन नावाची काठी मिळते, आयआयटी दिल्लीत तयार झालेली, २०१४ साली बाजारात आली. मुठीपाशी अल्ट्रासोनिक सेन्सर असतो. साधारण ३ मीटरपर्यंतचा अडथळा कंप होऊन कळतो. त्या माणसाला ती घ्यायला सांगा, प्रश्न मिटेल.

मेधा_प
काका, ती काठी चांगली आहे, पण कशासाठी? साध्या काठीला जमिनीवरचा खड्डा, पायरी, दगड कळतो. गुडघ्याच्या वर असलेली लोंबकळती फांदी किंवा ट्रकचा मागचा फळा कळत नाही. तेवढ्यासाठी तो सेन्सर आहे. ४० च्या वेगातली गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे येते. ३ मीटरवर कंप झाला तेव्हा वेळ संपलेली असते. शिवाय इथे काठी कोणती घ्यावी असं कोणी विचारलेलं नाही.

विनय_कॅब
सिग्नल नाही. जायला दोन लेन, यायला दोन लेन, मध्ये दुभाजक. मी डावीकडून असतो. अगदी झेब्र्याला चिकटून थांबतो म्हणजे त्यांना कळावं. गाडी इलेक्ट्रिक आहे, त्याने काय फरक पडतो?

मेधा_प
सगळा फरक त्यानेच पडतो.

अंध व्यक्ती रस्ता डोळ्यांनी नाही, आवाजाने बघते. गाडी येताना टायरचा आवाज वाढतो, वेग कमी झाला की उतरतो. डिझेलची गाडी थांबली की इंजिनची घरघर एका जागी ऐकू येते, म्हणजे 'गाडी आहे आणि उभी आहे' हे कळतं. तुमची गाडी थांबल्यावर काहीच ऐकू येत नाही. त्याच्या दृष्टीने एक गाडी जवळ आली आणि नाहीशी झाली. ती वळली, थांबली की हळूहळू सरकतेय, हे तो तपासत असतो. तेवढ्यात एका हातावरून हॉर्न वाजतो. तो आपल्यासाठी आहे की मागच्या रिक्षाने दिला, 'जा' म्हणून आहे की 'हटा' म्हणून, हे आवाजातून कळायला मार्ग नाही. माणूस दचकून मागे सरकतो. हॉर्न पूर्ण बंद करा.

दुसरं असं की मागे सरकणं दर वेळी दचकणंच असेल असं नाही. काठीकडे बघा. टोक पुढे, फुटपाथच्या कडेबाहेर रस्त्यावर टेकलेलं असेल तर तो निघण्याच्या तयारीत आहे. काठी उभी, अंगाजवळ असेल तर तो फक्त उभा आहे, कदाचित रिक्षाची वाट बघतोय. आणि तो शांतपणे एक पाऊल मागे आला, काठी आत घेतली, तर तो तुम्हाला सांगतोय की तुम्ही जा, मी नंतर येतो. अशा वेळी थांबून राहू नका, सावकाश निघा. तुम्ही हटून बसलात की तो अडकतो, तुमच्या मागची रांग वाढते आणि सगळीकडून हॉर्न सुरू झाले की त्याला रस्ता ऐकूच येत नाही.

तात्या_रिक्षा
काठीला खाली लाल पट्टा असेल तर तो माणूस बहिरापण असतो. त्याला हॉर्न दिला काय नि न दिला काय.

मेधा_प
तात्या, अर्धं बरोबर. ब्रिटनमध्ये काठीवर पांढऱ्याबरोबर लाल पट्टे असले तर दृष्टी आणि श्रवण दोन्ही कमी, असा अर्थ आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या घडीच्या साध्या काठ्यांनाही खालचा भाग लाल असतो. त्यामुळे इथे लाल दिसला म्हणून काही ठरवू नका. पण कोणाला ऐकू येत नसेल ही शक्यता धरूनच चालवा, म्हणजे आवाज देऊन काम भागेल यावर विसंबू नका.

घाटवाला
मग खिडकी खाली करून 'या काका, रस्ता मोकळा आहे' असं सांगितलं तर काय बिघडलं? मी तर तेच करतो आणि लोक आभार मानतात.

अभियंता_नगर
बिघडतं ते उजव्या लेनमध्ये. या धाग्यात सगळ्यात धोकादायक गोष्ट तीच आहे आणि अजून कोणी तिच्याकडे आलेलं नाही. विनय डाव्या लेनमध्ये झेब्र्याला चिकटून उभा आहे. मागून दुचाकीवाला येतो, त्याला वाटतं ही गाडी प्रवासी उतरवतेय, तो उजवीकडून काढतो. विनयच्या गाडीमुळे त्याला ओलांडणारा दिसत नाही, आणि तो दिसतो तेव्हा मध्ये दोन-तीन मीटर उरलेले असतात. ४० च्या वेगाने कोरड्या रस्त्यावर भान येऊन ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला तर ११ मीटर तिथेच गेले, मग थांबायला आणखी साधारण १०. म्हणजे २१ मीटर लागणार. तुम्ही 'रस्ता मोकळा आहे' म्हणालात, पण मोकळी फक्त तुमची लेन होती.

म्हणून दोन लेनच्या रस्त्यावर चिकटून थांबू नका. झेब्र्याच्या किमान ६ मीटर अलीकडे, म्हणजे दीड गाडीएवढी जागा सोडून थांबा. तेवढ्याने उजव्या लेनमधल्याला तुमच्या बॉनेटपुढचा झेब्रा दिसतो.

मेधा_प
उजव्या लेनबद्दल पूर्ण सहमत, ६ मीटरबद्दल नाही. आम्ही चालकांना साधारण दीड-दोन मीटर अलीकडे थांबा असं सांगतो, कारण फार लांब थांबलेली गाडी आपल्यासाठी थांबली आहे हे ऐकणाऱ्याला समजत नाही. आणि चाकं पट्ट्यांवर तर कधीच नकोत. काठी बंपरला लागली की तो गाडीला वळसा घालायला जातो आणि सरळ वाहत्या लेनमध्ये शिरतो.

अभियंता_नगर
पण विनयची गाडी उभी असताना ऐकूच येत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मग २ मीटरवर उभी काय आणि ६ वर काय, त्या माणसाला सारखंच. फायदा फक्त उजव्या लेनमधल्या दुचाकीवाल्याला, आणि तोच तर धडकणार आहे.

मेधा_प
गाडी येताना टायरचा आवाज कुठे संपला हे त्याला कळतं. ६ मीटर अलीकडे संपला तर 'कडेला कोणीतरी पार्क केलं' असं वाटू शकतं. तरी इलेक्ट्रिक गाडी आणि दोन लेन अशी जोडी असेल तर तुमचा मुद्दा जड आहे, हे मान्य. डिझेल गाडी आणि एकच लेन असेल तर मी दोन मीटरच सांगेन.

घाटवाला, बोलायचंच असेल तर माहिती द्या, हुकूम नको. 'गाडी थांबली आहे' एवढंच, एकदा, नेहमीच्या आवाजात. 'या' म्हटलं की दुसऱ्या लेनची हमी तुम्ही घेतली. कधी निघायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या.

विनय_कॅब
ठीक आहे, पण मागच्यांना थांबवू कसं? दुचाकीवाले माझं ऐकणारेत का?

तात्या_रिक्षा
हात बाहेर काढ. आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे हात बरोबर त्याच लेनमध्ये दिसतो. इंडिकेटरपेक्षा लोक हाताला जास्त मानतात.

अभियंता_नगर
तात्यांचं एकदम बरोबर. शाळेसमोर कडेला काठी दिसली की क्रम असा ठेवा. ३०-४० मीटर आधीच पाय उचला, एकदम ब्रेक नको. उजवा हात बाहेर, तळवा खाली, वर-खाली हलवा: मी हळू होतोय. थांबता थांबता तोच हात कोपरातून सरळ उभा करा: मी थांबतोय. त्याच वेळी उजव्या आरशात बघा. कोणी वेगाने येत असेल तर हात तसाच उभा ठेवा. वेग २० वर आला की थांबायला एकूण ८ मीटर पुरतात, त्यामुळे ऐन वेळी लहान मूल धावत आलं तरी सावरता येतं.

मेधा_प
विनय, गाडीत हळू चालताना वाजणारा कृत्रिम आवाज आहे का तेही बघा. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक कारला २० किमीपर्यंत तो सक्तीचा आहे. काही गाड्यांत तो बंद करायचं बटण असतं आणि लोक कटकट म्हणून बंद ठेवतात. असेल तर चालू ठेवा. मात्र उभ्या गाडीत तो सहसा वाजत नाही, म्हणून पुन्हा निघताना पहिले दोन-तीन मीटर चालण्याच्या वेगानेच जा. तो परत पुढे येतो असं तुम्ही लिहिलंत त्याचं कारण हेच असणार. सगळं शांत झालं म्हणून तो पाऊल टाकतो आणि तुमची गाडी बिनआवाजी सरकायला लागलेली असते.

शैला_कुलकर्णी
आमच्या कॉलनीसमोरही झेब्रा आहे आणि म्हातारी माणसं दुभाजकावर अडकतात. आजींना हात करून 'चला चला' म्हटलं की त्या घाबरून भरभर चालायला जातात आणि पडतात. त्यांच्यासाठी काय करायचं?

अभियंता_नगर
शैलाताई, ओलांडायला लागणारा वेळ ठरवताना चालण्याचा वेग बहुधा सेकंदाला १.२ मीटर धरतात. गुडघे दुखणारी व्यक्ती ०.८ नेच जाते. दोन लेनचे ७ मीटर म्हणजे ६ सेकंदांऐवजी जवळजवळ ९. थांबल्यावर गाडी इंच इंच पुढे घेऊ नका, घाई तिथूनच सुरू होते. आणि त्या दुभाजकावर किंवा फुटपाथवर दोन्ही पाय ठेवून चढेपर्यंत थांबा, कारण चढतानाच तोल जातो.

विनय_कॅब
शाळा सुटताना मुलं रांगेने जातात, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. मध्ये एवढी मोठी फट पडते की पुढची गेली वाटतं आणि मागून दोघं येतात. तेव्हा?

मेधा_प
फट पडली म्हणजे मागच्या मुलाचा हात सुटलाय. ते आता आवाजाच्या दिशेने येतंय, कदाचित तिरकं, झेब्र्याच्या बाहेरूनही. फटीतून गाडी काढू नका. रांगेच्या शेवटी बहुतेक वेळा एक मोठी व्यक्ती असते, ती पलीकडे चढली की निघा. ती दिसत नसेल तर शाळेचं फाटक बघा, तिथून अजून कोणी येतंय का.

घाटवाला
एवढं सगळं ड्रायव्हरनेच करायचं? तिथे स्पीडब्रेकर घाला आणि झेब्रा उंच करा, सगळेच हळू येतील.

अभियंता_नगर
उंच झेब्रा हवाच, पण फुटपाथच्या पातळीला आला की काठीला कड लागत नाही, रस्ता कुठे सुरू झाला ते कळत नाही. दोन्ही टोकांना ठिपक्यांच्या पिवळ्या फरशा लागतात. त्या न बसवता नुसता उंचवटा केला तर नवीनच धोका. विनय, तिथे फरशा आहेत का, आणि असल्या तर त्यावर दुचाक्या लागतात का?

विनय_कॅब
फरशा आहेत. दुचाक्या आहेतच, शिवाय एक वडापावची गाडी. उद्या हॉर्न न देता आणि हात बाहेर काढून बघतो. ६ मीटरचं अजून पटत नाहीये, तेवढी जागा सोडली तर रिक्षावाले पुढे घुसतील.

तात्या_रिक्षा
घुसतील. गाडी थोडी उजवीकडे, लेनच्या पट्ट्याजवळ उभी कर, डावीकडून रिक्षा जाणार नाही एवढीच जागा ठेव.

मेधा_प
डावीकडे फट ठेवायची नाही हे बरोबर, पण त्यासाठी उजवीकडे सरकलात तर फुटपाथच्या बाजूलाच वाट मोकळी होते आणि स्कूटर तिथून निघते, नेमकी त्या माणसाच्या काठीवरून. लेनच्या मधोमधच उभे राहा आणि दोन्ही आरसे बघत राहा.