9 मिलिमीटरच्या डागाने उजवी बाजू कशी गेली? मदत हवी आहे

सांगलीकर: वडिलांच्या एमआरआय अहवालात मेंदूच्या आतल्या इंटर्नल कॅप्सूल या पट्टीच्या मागच्या भागात 9 मिलिमीटरचा ताजा इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न मिळाल्याने झालेला डाग, लिहिला आहे. त्यांचा चेहरा, हात आणि पाय तिन्ही लुळे पडले आहेत. शेजाऱ्यांच्या मेंदूतील डाग याहून मोठा असूनही त्यांची केवळ बोटे अडखळतात. अहवाल चुकला असेल का? कृपया लवकर सांगावे.

मिरजेचा वाचक: कॅप्सूलला मेंदूच्या मधल्या धमनीतून रक्त मिळते, त्यामुळे तीच बंद पडली असणार. मानेच्या धमन्यांतला रक्तप्रवाह पाहणारा डॉपलर करून घ्यावा.

शरीररचना शिक्षक: आधी हे सांगा : त्यांना शब्द सुचतात का, चिमटा कळतो का, कपाळावर आठ्या पडतात का आणि रक्तदाब होता का?

सांगलीकर: उच्चार जड झाले आहेत, पण शब्द सुचतात. चिमटा कळतो, आठ्याही पडतात. रक्तदाबाची गोळी त्यांनी बंद केली होती.

वाळव्याची लेक: माझ्या आईला रोज तेलाच्या मालिशने गुण आला, तुम्हीही करून पाहा.

शरीररचना शिक्षक: ताई, प्रश्न उपचाराचा नाही. सांगलीकर, अहवाल लक्षणांशी जुळतो. मेंदूच्या पृष्ठभागावर चेहरा, हात आणि पाय यांच्या जागा दूरवर पसरलेल्या असतात, म्हणून तिथला मोठा डागही कधी एकट्या हातापुरता राहतो. शेजाऱ्यांचे बहुधा तसेच झाले असावे. खाली उतरताना मात्र या जागांतून निघणारे सारे तंतू थॅलॅमस आणि लेंटिफॉर्म या मेंदूच्या आतल्या दोन गाठींमधल्या अरुंद पट्टीत, म्हणजे कॅप्सूलच्या मागच्या भागात, एकवटतात, जशी पूर्वी सांगलीची वाहतूक आयर्विन पुलावर एकवटत असे. कपाळाला दोन्ही अर्धगोलांतून तंतू मिळतात, म्हणून आठ्या शाबूत राहिल्या. शरीराची उजवी बाजू मेंदूचा डावा भाग चालवतो; त्या डाव्या बाजूची मधली धमनी मुळाशी बंद झाली असती, तर बहुधा शब्दही गेले असते. येथे तिच्यापासून जवळजवळ काटकोनात निघणारी एखादी बारीक शाखा बंद झाली असावी. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने अशा शाखांच्या भिंती जाड होतात, आणि एक बंद पडली की तिच्या वाट्याला दुसरीकडून पुरेसे रक्त येत नाही. संवेदना शाबूत असलेल्या अशा अर्धांगवायूचे वर्णन फिशर आणि करी या संशोधकांनी 1965 मध्ये केले आहे.

मिरजेचा वाचक: म्हणजे रक्त मधल्या धमनीचेच ना?

शरीररचना शिक्षक: मागच्या भागाच्या वरच्या अंगाला तिचेच, परंतु खालच्या अंगाला मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या अंतर्गत कॅरोटिड धमनीपासून निघणारी अँटेरियर कोरॉइडल धमनी रक्त देते. डाग कोणत्या उंचीवर आहे हे अहवालात नसल्याने नेमकी शाखा सांगता येणार नाही. डॉपलरला माझा विरोध नाही, फक्त त्यावरून मोठी धमनी बंद असल्याचे गृहीत धरू नये.

सांगलीकर: सकाळी पाय थोडा उचलला होता, आता पुन्हा पडला आहे. हे मालिश न केल्यामुळे का?

शरीररचना शिक्षक: मालिशचा संबंध नाही. या बारीक शाखांच्या प्रदेशात सुरुवातीला असा चढउतार होतो आणि कधी लकवा वाढतही जातो. तो का, याबद्दल एकमत नाही. पाय कधी उचलला आणि कधी पडला, ती वेळ आत्ताच वॉर्डातील डॉक्टरांना सांगा.