अनुभव धागा: पहिल्या शंभर ग्राहकांना आभाराचं पत्र

मानेवाडा, कुरडया आणि सांडगे
आमच्या ऑनलाइन दुकानाला काल शंभर ग्राहक पूर्ण झाले. आभाराचं पत्र सगळ्यांना वाचता येईल असं टाकायचं आहे. आधी मजकूर इथे देते. ज्यांनी असं पत्र लिहिलं आहे त्यांनी आपले अनुभव सांगा.

"ताई-दादांनो, काकू-काकांनो,
गच्चीवर आईसोबत घातलेल्या कुरडया तुम्ही न बघता मागवल्या, त्याबद्दल मनापासून आभार. सुरुवातीच्या बावीस पार्सलांत कुरडयांचा चुरा झाला. मी कुरिअरवाल्यांवर चिडत होते. मग पुण्याच्या एका काकूंनी उघड्या डब्याचा फोटो पाठवला. कोपऱ्यांतल्या कुरडया अख्ख्या होत्या आणि मधोमध चौकोनी खड्डा पडला होता, बरोबर सांडग्यांच्या पाकिटाएवढा. जड पाकीट वर ठेवणारी मीच होते! काकूंनी त्या चुऱ्याची भाजी केली आणि पुन्हा ऑर्डरही दिली.

मग मी सांडगे खाली घातले आणि मोठा डबा घेऊन त्यात कागद कोंबला. कुरडया शाबूत पोचल्या, पण कुरिअरचं बिल दुपटीहून जास्त आलं. डबा 40 बाय 30 बाय 20 सेंटीमीटरचा होता. आमचे कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून त्याला 5000 नी भागतात, म्हणजे 4.8 किलो. काट्यावर माल होता जेमतेम दीड किलो. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. तेव्हा आई म्हणाली, 'डबा काहून वाढवतेस, कुरडईच लहान घालू.' आता सोऱ्याचे दोनच फेरे देऊन तळहाताएवढी कुरडई घालतो. ती 25 बाय 20 बाय 15 च्या डब्यात बसते आणि हिशेबाचं वजनही दीड किलोच येतं. आमच्या कुरडईचा आकार तुम्ही ठरवलात.
पुढच्या ऑर्डरवर तुम्हा शंभर जणांना पंधरा टक्के सूट. कोड: KURDAI100"

गांधीबाग, साड्या, सहा वर्षं ऑनलाइन
ताई, पत्र वाचून भरून आलं. पण आधी तो कोड काढा. मी हेच केलं होतं. कोडला वापराची मर्यादा शंभर ठेवली आणि वाटलं, झालं काम. पण ती मर्यादा म्हणजे कोणतेही शंभर. दोन दिवसांत कोड संपला आणि जुन्या ग्राहकांचे फोन सुरू झाले, "भाऊ, तुमचा कोड चालत नाही." यादी काढली तर वापरणाऱ्या शंभरांत जुने फक्त चौदा. ज्यांचे आभार मानले तेच नाराज झाले. बाकीच्यांना मी हाताने सूट दिली, नफा सगळा गेला.
कोड बनवताना ठरावीक ग्राहकांची यादी जोडता येते का ते बघा, आणि एकाला एकदाच असं ठेवा. पत्रात फक्त "तुम्हाला मेसेज येईल" एवढं लिहा. एक अडचण तरी राहतेच. कोणी या वेळी मुलाच्या नंबरवरून मागवलं तर कोड अडतो, तेवढे फोन घ्यावे लागतात.

प्रतापनगर, हातकाम केलेल्या पिशव्या
मी तर शंभरही जणांची नावं आणि गावं पत्रात लिहिली. लोकांनी दुकानात नावानिशी अभिप्राय दिलेच होते, मग हरकत काय? बहुतेकांना आवडलं. एका ताईंनी मात्र काढायला लावलं, त्यांनी पिशवी वहिनींना गुपचूप भेट म्हणून घेतली होती.

गांधीबाग
अभिप्राय देणाऱ्यांपुरतं तुमचं बरोबर आहे. पण शंभरही जणांनी अभिप्राय दिले होते का? ज्यांनी नुसती खरेदी केली त्यांना विचारायलाच हवं.

धरमपेठ, घरगुती केक
मी प्रत्येक डब्यात हाताने लिहून चिठ्ठी टाकते. पावसाळ्यात शाई पसरते म्हणून आता बॉलपेन वापरते. शंभर चिठ्ठ्यांना तीन रात्री लागतील, पण आधी झाकणाला चिकटवून बघा, क्रीम लागत नाही.

मानेवाडा
ताई, मी सगळ्यांसाठीच्या एका पत्राबद्दल विचारत होते. पण झाकणाची युक्ती घेते.

सीताबर्डी, नुसती ग्राहक
मी एका नव्या दुकानाच्या पहिल्या शंभरांत होते. त्यांनी आभाराच्या पत्रात माझ्या तक्रारीचा किस्सा नाव न घेता लिहिला. तरी माझ्या जावेनं ओळखलं आणि मला फार लाजल्यासारखं झालं. पुण्याच्या काकूंना विचारलंत का?

प्रतापनगर
तो किस्सा काढला तर पत्रात उरतं काय? काकूंचं तर कौतुकच आहे.

मानेवाडा
कोड काढला. यादीही तपासली. शंभर ऑर्डरींत अकरा जणांनी दोनदा मागवलंय, म्हणजे माणसं एकोणनव्वदच. काकूंना दोनदा फोन लावला, उचलला नाही. त्यांचा होकार येईपर्यंत पत्र थांबवते.