मदत हवी आहे: बुलेटचा मागचा टायर घरीच बदलतोय, तीन ट्यूब वाया गेल्या

वाईचा_फटफटीवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे वडिलांची जुनी बुलेट आहे, तारांची चाकं, ३.२५-१९ टायर, अर्थातच ट्यूबवाले. दोन वर्षांपूर्वी हौसेने ॲल्युमिनियमच्या रिम बसवून घेतल्या. पंक्चरवाल्याने पहिल्याच खेपेला रिमच्या कडेवर दोन दात पाडले, तेव्हापासून चाकाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही असं ठरवलंय.

मागचा टायर पार गुळगुळीत झाला होता. नवा आणला, नवी ट्यूब आणली, पंधरा इंची तीन पट्ट्या घेतल्या आणि रविवारी अंगणात बसलो. जुना टायर अर्ध्या तासात निघाला. नवा बसवताना शेवटची वीतभर कड काही केल्या आत जाईना. शेवटी पट्टीवर उभा राहिलो. खाड्कन आत गेली. संध्याकाळी हवा भरली, सकाळी चाक बसलेलं. दुसरी ट्यूब आणली, तेच. तिसऱ्या खेपेला फार जपून केलं, तरी दोन दिवसांत हवा गेली.

शिवाय रिमच्या कडेवर आता माझे स्वतःचे दोन दात आहेत, म्हणजे पंक्चरवाल्याशी बरोबरी झाली. चुकतंय कुठे?

निळी_चेतक

अहो, पट्ट्या हव्यातच कशाला? माझ्या स्कूटरला मी आजवर पट्टी लावलेली नाही. मागचे नट काढायचे, रिमचे दोन भाग वेगळे होतात, टायर हातात येतो. वीस मिनिटांचं काम.

हायवेवरचा_पोरगा

चेतक काका, तुमची रिम दोन तुकड्यांची, त्यांची अखंड. बुलेटचे नट काढले तर चाक हातात येईल, टायर नाही :) आणि कुणी हे वाचून स्कूटरवर करायला जाईल म्हणून सांगतो, रिमचे नट सैल करायच्या आधी हवा पूर्ण सोडा. भरलेल्या ट्यूबवर नट काढले तर रिमचे तुकडे तोंडावर येतात.

वाईकर, आमचं हायवेला पंक्चरचं दुकान होतं, बारावीपर्यंत मी तिथेच वाढलो. सांगतो, पण आधी तीन गोष्टी कळवा. प्रत्येक ट्यूबला भोक नेमकं कुठे आहे, जमिनीच्या बाजूला की रिमच्या? व्हॉल्वपासून किती लांब? आणि हवा गेली तेव्हा गाडी चालवली होती की नुसती उभी होती? ट्यूब टाकून दिल्या नसतील तर पाण्यात धरून बघा.

वाईचा_फटफटीवाला

सुदैवाने टाकल्या नव्हत्या. बादलीत बुडवून बघितलं.

पहिली: रिमच्या बाजूला दोन छोट्या चिरा, शेजारी शेजारी, मध्ये करंगळीएवढं अंतर. व्हॉल्वच्या बरोबर समोर, म्हणजे चाकाच्या दुसऱ्या टोकाला.
दुसरी: तशाच दोन चिरा, तीही व्हॉल्वच्या समोरच, चार बोटं इकडेतिकडे.
तिसरी: एकच बारीक भोक, सुई टोचल्यासारखं, रिमच्या बाजूला. व्हॉल्वपासून साधारण पाव चाक.

पहिल्या दोन वेळी गाडी हलवलीच नव्हती. तिसऱ्या वेळी पाचवडपर्यंत जाऊन आलो होतो.

हायवेवरचा_पोरगा

छान, यातच उत्तर आहे. पहिल्या दोन आणि तिसरी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

दोन चिरा जोडीने आल्या म्हणजे ट्यूब चिमटली. हवा कमी ठेवून गाडी खड्ड्यात आपटली तरी अशीच जोडी पडते, पण तुमची गाडी जागची हललीच नव्हती. म्हणजे चिमटा पट्टीचा. पट्टीचं टोक आणि रिम यांच्यात ट्यूबची घडी सापडली, दोन्ही पदर कापले गेले, म्हणून दोन चिरा. आणि दोन्ही वेळा व्हॉल्वच्या समोर, म्हणजे तुम्ही व्हॉल्वपाशी सुरुवात करून समोर संपवलंत. बरोबर?

आता शेवटची वीत आत का जात नाही ते बघा. टायरच्या कडेत, म्हणजे बीडमध्ये (जिल्हा नव्हे), पोलादी तारेचं कडं असतं. ते ताणत नाही, कितीही उभे राहा. रिमच्या मधोमध मात्र खोल पन्हळ असते. बीड एका बाजूला त्या पन्हळीत उतरली की दुसऱ्या बाजूला तेवढी सैल होते, आणि मगच ती रिमच्या कडेवरून पलीकडे जाते. सगळी युक्ती एवढीच. तुम्ही व्हॉल्वपासून सुरुवात केलीत, तिथे पन्हळीत व्हॉल्वचं बूड बसलेलं. ते बीडला खाली उतरू देत नाही. मग सैल मिळणार कुठून? तुम्ही जोर लावला, त्यातला थोडा रिमला गेला, थोडा ट्यूबला.

उलट करा. सुरुवात व्हॉल्वच्या समोरून, शेवट व्हॉल्वपाशी. चाक जमिनीवर आडवं, खाली जुना टायर, म्हणजे स्प्रॉकेटवर भार येत नाही. जी बाजू आत गेली तिच्यावर गुडघे रोवून बसा. कड पन्हळीत दाबलेली राहिली पाहिजे. गुडघा उचलला की कड वर येते आणि पुढची पट्टी जड लागते. पट्टी जड लागली की जोर वाढवायचा नाही, समोरची बाजू बघायची. माझे वडील म्हणायचे, घाम आला तर समज गुडघा घसरला.

साबणबिबण

एवढं तत्त्वज्ञान कशाला. ट्यूबमध्ये हवा भरून ठेवा, वीसेक पौंड. गोल राहिली की चिमटतच नाही. आणि कडेला थोडं ऑइल लावा, सुर्रकन जाते.

हायवेवरचा_पोरगा

अर्धं बरोबर. रिकामी ट्यूब लोळागोळा होऊन पट्टीखाली येते, म्हणून थोडी हवा हवीच. पण फक्त आकार येण्यापुरती: पंपाचे दोनतीन दट्टे, बोटाने दाबली की खोल दबली पाहिजे. वीस पौंड भरलेत तर ट्यूबच टायरच्या आतली जागा अडवेल, बीड पन्हळीत उतरणार नाही आणि तुम्ही परत पट्टीवर उभे.

ऑइल, ग्रीस अजिबात नको. ते रबर खातं, शिवाय कड निसरडीच राहते आणि ब्रेक मारला की टायर रिमवर सरकतो. भांड्यांच्या साबणाचं पाणी लावा, ते वाळून जातं. ट्यूबला बाहेरून शंकरछाप टाल्कम चोळा, म्हणजे ती टायरला चिकटून दुमडत नाही. (शंकरछाप म्हणजे घरात असेल ती कुठलीही, आमच्याकडे असंच म्हणतात.)

सायकलवाली_सातारा

मी फक्त सायकलचे टायर बदलते, पण शेवट व्हॉल्वपाशी हे आमच्याकडेही तसंच. शेवटी एक गोष्ट करायची: व्हॉल्व आत ढकलून बघायचा. ट्यूब कडेखाली अडकली असेल तर तो मोकळेपणी वरखाली होत नाही. आणि शेवटचा तुकडा मी तळहातांनीच ढकलते, पट्टी लावतच नाही. बुलेटला जमेल का ठाऊक नाही.

हायवेवरचा_पोरगा

व्हॉल्वचं अगदी बरोबर. हातांनी मात्र बुलेटला अवघड, नव्या टायरला तर नाहीच.

पट्टीबद्दल सांगायचं राहिलं. पंधरा इंची पट्टी म्हणजे जास्तीचा जोर. दहाअकरा इंची पुरते, तिच्यात चूक लगेच हाताला कळते. टोक कडेखाली फक्त अडकेल एवढंच घाला, खोल नाही. एका वेळी दोन बोटं कड आत न्या, वीतभर नाही. बसवताना पट्टी उभी झाली की थांबा. उभीच्या पुढे ढकलली की तिचं टोक आत शिरून सरळ ट्यूब शोधतं. तुमच्या पहिल्या दोन ट्यूब तिथेच गेल्या असणार.

तिसरी ट्यूब: एकच भोक, रिमच्या बाजूला. तारांच्या निपलवरून जाणारी रबरी रिमपट्टी बाजूला सरकली असेल. दोन वेळा टायर काढताना पट्टीचं टोक तिच्यात अडकलं असणार. टायर काढा, रिमपट्टी सरकवून आत सगळीकडे कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे तारेचं टोक वर आलंय, ते कानशीने घासून सपाट करा.

वाईचा_फटफटीवाला

सरकली होती! बोटभर. एका निपलपाशी कापूस अडकला, ट्यूब टायरवर धरून बघितली तर भोक बरोबर तिथेच आलं.

रिमच्या दातांचं काय करू?

हायवेवरचा_पोरगा

ट्यूबवाल्या चाकात हवा रिम धरत नाही, ट्यूब धरते. म्हणून कडेवरचा छोटा दात म्हणजे फक्त विद्रूपपणा, तुमची हवा त्याने जात नाही. पण उठलेली धार बोटाला लागत असेल तर बारीक कानशीने मोडा, मग चारशे नंबरचा पॉलिश पेपर. नाहीतर तीच धार पुढच्या वेळी बीड कापते. दाताच्या मुळाशी केसासारखी रेघ दिसली तर ती तडा आहे, ती रिम चालवू नका. इथून पुढे पट्टीखाली प्लास्टिकच्या कॅनचा तुकडा घाला, किंवा जुन्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा कडेवर चढवा.

गुरुजी_कोल्हापूर

व्हॉल्वपाशी शेवट हे मला पटत नाही. मी तीस वर्षं व्हॉल्वपासून सुरू करतोय. आधी व्हॉल्व भोकात नीट बसतो, ट्यूब ओढाताण होत नाही. ट्रक, ट्रॅक्टर, सगळं असंच केलंय.

हायवेवरचा_पोरगा

गुरुजी, तुमच्या हाताला सवय आहे. ट्रॅक्टरच्या टायरात ढीगभर सैल असतं. अरुंद, कडक बुलेटच्या टायरात ते नसतं. मला उलटंच सोपं जातं, एवढंच म्हणतो.

गुरुजी_कोल्हापूर

बुलेटचेही केलेत. असो.

वाईचा_फटफटीवाला

आज केलं. टायर अर्धा तास उन्हात ठेवला, नरम झाला. छोट्या पट्ट्या, साबण, टाल्कम, व्हॉल्वपाशी शेवट. गुडघ्याखाली पोत्याची घडी घेतली तरी गुडघे लाल. शेवटची वीत अक्षरशः दोन बोटांच्या जोराने गेली, मला खरंच वाटेना. व्हॉल्व आत ढकलून बघितला, मोकळा होता. हवा भरली, पूर्ण सोडली, परत भरली.

फक्त एक. टायरच्या बाजूला रिमलगत जी बारीक रेघ असते ती सगळीकडे सारखी दिसतेय, एका ठिकाणी मात्र रिमच्या आत गडप होते. तिथेच चाक फिरवल्यावर हलकी उडी दिसते. हवा अजून वाढवू का?

हायवेवरचा_पोरगा

नको, टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या मर्यादेच्या वर अजिबात जाऊ नका. तेवढ्या जागी कड बसलेली नाही. हवा सोडा, तिथे परत साबणाचं पाणी मारा, चाक त्या जागी जमिनीवर आपटा आणि पुन्हा भरा. आणि व्हॉल्वचा बाहेरचा नट रिमला घट्ट आवळू नका, वर टोपीपाशी नेऊन ठेवा. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व तिरका झालेला दिसतो, नट आवळलेला असेल तर मुळातून फाटतो.

वाईचा_फटफटीवाला

नट आवळला होता. सैल केला. उडी दोनदा करूनही थोडी राहिलीय, रेघ आता अर्धी दिसते. उद्या उन्हात ठेवून परत बघतो.

साबणबिबण

ऑइल लावलं असतं तर...