प्रतिसाद: आधी कळस वाचवा

> "इंदूरच्या राजवाड्याचा एलओडी २, म्हणजे लांबून दाखवायचं हलकं मॉडेल, नुसता ठोकळा दिसतो. Decimate चं Ratio किती ठेवू?"

Ratio बदलून फार फरक पडणार नाही. Decimate हा Blender चा मॉडिफायर मॉडेलची जाळी हलकी करतो; जाळीतल्या ज्या कडा मिटवल्यावर आकार कमी बिघडतो, त्या तो आधी खातो. कळसाचं टोक, झरोक्याचा छज्जा नेमके त्यातच सापडतात, आणि आकाशासमोर दिसतात तेही हेच. मीही इंदूरचाच, राजवाड्याचं मॉडेल करताना हीच चूक करून बसलो होतो.

मग छतावरचं आणि भिंतीबाहेर येणारं सगळं Decimate पासून वाचवायला वेगळं ऑब्जेक्ट केलं. वरच्या लाकडी मजल्यांची नक्षी नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उठावाचा भास देणाऱ्या चित्रात, बेक करून भिंत सपाट केली. मॅपने आकाशासमोर दिसणारी बाहेरची कड काही बदलत नाही, म्हणून घुमट हाताने ३२ बाजूंवरून १२ वर आणला; ८ वर कोपरे दिसायला लागले. कळस उलट जरा जाड केला, नाहीतर पिक्सेलपेक्षा बारीक होऊन चालताना लुकलुकतो.

तपासायला सगळ्याला काळं मटेरियल आणि मागे पांढरं द्या. एलओडी बदलतो त्याच अंतरावर कॅमेरा ठेवून दोन्ही मॉडेलं आलटूनपालटून दाखवा. कड उडी मारताना दिसली, तर अदलाबदल अजून लांब ढकला.