प्रदर्शनानंतरच्या मेलमध्ये ‘पाठपुरावा’ चालेल का?

गोदाकाठ: आमचा सातपूरला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. परवा नाशिकच्या एका कृषी प्रदर्शनात पिंपळगावकडचे एक द्राक्ष निर्यातदार आमच्या स्टॉलवर बराच वेळ थांबले होते. त्यांचं एक वाक्य लक्षात राहिलं: “कोल्ड स्टोरेजमध्ये तीन-चार दिवस गेले की खालचे खोके बसतात.” आता त्यांना मेल पाठवायचाय. विषयात लिहिलंय, ‘प्रदर्शनातील भेटीचा पाठपुरावा’. आत आहे, ‘आपल्याशी झालेल्या सविस्तर चर्चेच्या अनुषंगाने आमच्या जास्त बर्स्टिंग स्ट्रेंग्थच्या खोक्यांची माहिती सोबत जोडत आहोत.’ ‘पाठपुरावा’ मला खटकतोय. दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेल्हाळ: खटकायचं कारण नाही. फॉलोअपला मराठीत रुळलेला शब्द पाठपुरावाच आहे, वर्तमानपत्रांत रोज येतो. खुशाल वापरा.

निफाडचा मळा: पाठपुराव्याचा अनुभव आमच्याकडून घ्या. शेतातल्या वीजजोडणीसाठी वडिलांनी किती हेलपाटे मारले! प्रत्येक पत्रावर मागच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख टाकायची, पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. तुम्हीही पोच मागा.

घडीकाम: निफाडच्या दादांच्या उदाहरणातच उत्तर आहे. पाठपुरावा आपण अडलेल्या कामाचा करतो. समोरच्यानं काहीतरी करायचं होतं, ते राहिलं, म्हणून मागे लागलो, हा अर्थ त्या शब्दाला चिकटलेला आहे. या निर्यातदारांनी तुमचं काय थकवलंय? देणं लागताय तुम्ही, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. ‘च्या अनुषंगाने’ हे सरकारी टिपणीतलं आहे, तेही काढा.

पण मला खरी काळजी दुसऱ्या शब्दाची वाटते. ते म्हणाले ‘बसतात’ आणि तुम्ही बर्स्टिंग स्ट्रेंग्थ पाठवताय. बर्स्टिंग म्हणजे कागद दाबाखाली किती टिकून फुटतो, ते. खोका फाटत असता तर ते उत्तर होतं. बसणं म्हणजे वरच्या थरांच्या वजनानं भिंती वाकणं, आणि तिथे बघायची ती कम्प्रेशन स्ट्रेंग्थ. द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हवेत नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रता ठेवतात, नाहीतर देठ सुकतात. पुठ्ठा ती ओल पितो आणि त्याची उभी ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून पॅकहाउसमध्ये ताठ असलेला खोका तीन-चार दिवसांनी बसतो. त्यांनी दिवस सांगितले, तोच धागा पकडा.

खोका बहुतेक वजन चार कोपऱ्यांवर पेलतो. पॅलेटच्या कडेबाहेर तो बोटभर लोंबला किंवा हवेची भोकं कोपऱ्याजवळ पाडली, तरी तो बसतो. तेव्हा नवा खोका विकण्याआधी एक प्रश्न विचारा: कोपरे दबतात की भिंतीची मधली बाजू फुगते? सगळे कोपरे नीट असून भिंत फुगली असेल तर ओलीचा संशय घ्या. एकाच बाजूचे कोपरे चेपले असतील तर आधी थप्पी तपासा.

शब्दवेल्हाळ: पटलं. मग ‘खोके दबतात’ लिहा, ‘बसतात’ फार बोलीतलं वाटतं.

घडीकाम: नको. ‘बसतात’ हा त्यांचा शब्द आहे. मेल उघडताना दिवसभरात भेटलेल्या सगळ्या स्टॉलवाल्यांतून तुम्ही आठवाल, ते याच शब्दामुळे. शिवाय ‘सविस्तर चर्चा’ कोणालाही लिहिता येते.

गोदाकाठ: ‘फाटतात’ आणि ‘बसतात’ यांचा असा विचार केला नव्हता. नवा मसुदा:

> विषय: कोल्ड स्टोरेजमध्ये बसणारे खालचे खोके
>
> नमस्कार. प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर आपण म्हणाला होता, की तीन-चार दिवसांनी खालच्या थरातले खोके बसतात. उशिरानं बसतात म्हणजे पुठ्ठ्यानं ओल धरली असण्याची शक्यता आहे, पण थप्पीचंही कारण असू शकतं. बसलेल्या खोक्याचे कोपरे दबलेले असतात की भिंत फुगलेली? शक्य असेल तर त्या थराचा एक फोटो पाठवा. तो पाहून खोका बदलायचा की रचना, ते सांगतो.

माहितीपत्रक जोडलेलं नाही.

घडीकाम: उत्तम. फोटोत पॅलेटची कड दिसू दे, एवढं जोडा. आणि आजच पाठवा, हंगामात त्यांना मेल बघायला वेळ मिळणार नाही.

निफाडचा मळा: आमच्याकडे खोका बसला की आम्ही सरळ सात प्लाय मागतो. बरोबर आहे का?

घडीकाम: ताकद वाढते, पण खर्च आणि वजनही वाढतं. ओल तशीच राहिली तर तोही नरम पडेल. तुमची थप्पी कशी असते ते आधी सांगा.

शब्दवेल्हाळ: ‘आपण म्हणाला होता’ मला अजून खटकतं. ‘आपण म्हणाला होतात’ हवं, किंवा सरळ ‘तुम्ही म्हणालात’.

गोदाकाठ: स्टॉलवर आम्ही ‘तुम्ही’च म्हणत होतो. पण ते वयानं मोठे आहेत, लिहिताना हात ‘आपण’कडे जातो.