मदत हवी आहे: लेस्ली मॅट्रिक्समध्ये शून्य असेल तर पेरॉन-फ्रोबेनियस किती लागू होतं?

एका कीटकाच्या माद्यांचे दोन वयोगट धरले आहेत. लहान मादी वर्षाला सरासरी 1 पिल्लू-मादी देते, मोठी 4 देते, आणि लहानांपैकी निम्म्या जगून मोठ्या होतात.

```
A = [1    4]     B = [0    4]
    [0.5  0]         [0.5  0]
```

A मध्ये एक शून्य आहे, पण A² पूर्ण धन आहे. आयगेनमूल्यं 2 आणि −1. 10 लहान, 10 मोठ्या घेऊन सुरुवात केली तर (50, 5), (70, 25), (170, 35), (310, 85), (650, 155) असं होतं. गुणोत्तर उड्या मारत 4:1 कडे जातं, आणि तोच धन आयगेनव्हेक्टर.

B मध्ये लहान माद्यांची वीण काढून टाकली. आता (40, 5), (20, 20), (80, 10), (40, 40)! धन आयगेनव्हेक्टर इथेही आहे, पण −√2 चं मानही √2 एवढंच असल्याने गुणोत्तर 8 आणि 1 मध्येच झुलत राहतं. इथवर पटलं.

अडलंय पुढे. वीण थांबलेल्या म्हाताऱ्या माद्यांचा तिसरा गट A ला जोडला, तर शेवटचा स्तंभ कायम शून्य राहतो आणि कुठलाच घात पूर्ण धन होत नाही. तरी आकडे स्थिरावताना दिसतात. मग प्रमेय फक्त वीण असलेल्या गटांना लावून म्हाताऱ्यांचं प्रमाण नंतर काढायचं का? नेमकी सिद्धता कशी मांडतात?